जुन्या उन्हाची पानं

पिंगुळी म्हटलं की बाहेरच्या लोकांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आठवतात. आम्हा घरच्यांना मात्र त्याबरोबर महामार्गालगतच्या रोपवाटिकाही आठवतात. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा असतात. पुढे आंबा-काजूची कलमं, मागे शोभेची झाडं, आणि पाण्याच्या नळीखाली सगळं कसं चकाकत असतं. तिथून घरी आणलेल्या झाडांत एक हमखास सगळ्यांना घाबरवतं, ते म्हणजे फायकस. बारीक, टोकदार, गुळगुळीत पानांचा, वड-पिंपळाच्याच कुळातला हा वृक्ष. भारतापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत तो रानात आपोआप वाढतो. कुंडीत तो कमरेएवढाच राहतो, पण स्वभाव वृक्षाचाच असतो. घरी आणून आठ-दहा दिवस झाले की सकाळी केर काढताना त्याच्याखाली पिवळ्या पानांचा सडा दिसतो. मग पुढचे काही आठवडे रोज तेच.

झाड विकत देताना रोपवाटिकेतल्या बाईंनी मला आधीच बजावलं होतं, “वयनी, ह्यां झाड आता पानां गाळतलां. भियाव नको. पाणी वायच कमीच घाल.” या तीन वाक्यांत जवळजवळ सगळं आलं. पण असं का होतं हे ठाऊक असेल तर भीती खरोखर कमी होते, म्हणून जरा तपशिलात जाते.

गळलेलं पिवळं पान हातात घेऊन देठाचं टोक बघावं. ते स्वच्छ, किंचित गोल आणि कोरडं असतं. धागे लोंबत नाहीत, चीक येत नाही. त्याच झाडाचं हिरवं पान ओढून तोडलं तर जखमेतून पांढरा चीक टपकतो आणि देठाशी सालीचा तुकडा निघतो. पहिलं पान झाडाने सोडलेलं असतं, दुसरं आपण ओरबाडलेलं. देठ फांदीला मिळतो तिथे पेशींचा एक पातळ पट्टा असतो. पान जोमाने काम करत असेपर्यंत त्याच्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक सतत या पट्ट्याकडे येत राहतं आणि पट्टा घट्ट राहतो. पानाचं काम मंदावलं की हा प्रवाह आटतो. मग इथिलीन या वायूरूप संप्रेरकापुढे पट्टा हळवा होतो. पेशींना एकमेकींशी चिकटवणारं पेक्टिन विरघळू लागतं आणि फांदीच्या बाजूला संरक्षक थर तयार होतो. शेवटी पान आपल्याच वजनाने सुटतं.

हे सगळं करायला पेशी जिवंत असाव्या लागतात. आपल्याकडे ऐन-किंजळाची कवळं तोडून भाजावळीसाठी रचून ठेवतात, ती पाहावीत. फांदी एकदम तुटल्यामुळे पानं वाळून करकरीत होतात, पण फांदीलाच चिकटून राहतात. म्हणून नव्या झाडाची पानं गळतात तेव्हा मला धीर येतो. पानं जागच्या जागी तपकिरी होऊन लटकू लागली तरच मी काळजी करते. तसं झालं असेल तर झाडाला पानं सोडायलाही वेळ मिळालेला नाही.

आता झाड पानं सोडतं कशासाठी? याचं उत्तर उजेडात आहे, आणि त्या बाबतीत आपले डोळे आपल्याला साफ फसवतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. अर्धं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली तो पन्नास हजारांच्या आसपास येतो. कौलारू घराच्या ओटीवर, खिडकीजवळ, तो हजार-दोन हजार भरतो. माजघराच्या कोपऱ्यात शे-दोनशेही मिळेल याची खात्री नसते. आपली बाहुली मोठी होते, त्यामुळे ओटी आपल्याला ‘चांगली उजेडाची’ वाटते. झाडाला मात्र एका दिवसात पंचवीस ते पन्नास भागांतला एक भाग हाती आलेला असतो.

जाळीखाली वाढलेली पानं त्या उन्हासाठी घडलेली असतात. ती जाड आणि लहान असतात, आतल्या पेशींचे थर जास्त असतात. अशा पानाला जगायला खर्चही जास्त लागतो. पान दिवसभर अन्न तयार करतं आणि श्वसनासाठी ते रात्रंदिवस खर्चतं. जेवढ्या उजेडात जमा आणि खर्च बरोबर होतात, त्याहून कमी उजेड मिळाला की ते पान झाडाला पोसायच्या ऐवजी झाडाच्या साठ्यावर जगू लागतं. शेवटी झाड त्याचा हिशेब मिटवतं. आतल्या बाजूची, खालची, जुनी पानं आधी जातात. सोडण्यापूर्वी हरितद्रव्य मोडलं जातं आणि पानातला पुष्कळसा नायट्रोजन, बहुधा निम्म्याच्या आसपास, फांदीत परत ओढला जातो. पान पिवळं दिसतं ते यामुळे. म्हणून पिवळी पडू लागलेली पानं ‘वाईट दिसतात’ म्हणून आपण खुडू नयेत. ती आपणहून पडेपर्यंत झाड त्यांतून नायट्रोजन परत घेत असतं.

जुनं पान सावलीचं होत नाही, ही यातली मुख्य गोष्ट. त्याची घडण बदलत नाही. झाड नवी पानं काढतं आणि ती नव्या जागेच्या मापाची असतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या अपॉप्का इथे चार्ल्स कॉनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी १९७०च्या दशकात नेमका हाच प्रश्न हातात घेतला होता. उघड्या उन्हात वाढवलेलं झाड थेट घरात गेलं तर फार झडतं, पण विक्रीआधी काही काळ सावलीत ठेवून पाणी आणि खत आटोक्यात ठेवलं तर पुष्कळ कमी झडतं, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. तिथल्या बागवानांनी पुढे ती रीतच करून घेतली. आपल्याकडच्या रोपवाटिकेत हा सावलीचा मुक्काम सहसा होत नाही. तो घरी करावा लागतो.

माझ्या झाडाचं मी असं केलं. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरल्यावर ते आणलं. जूनमध्ये, सगळे झाडं आणतात तेव्हा मुद्दाम आणलं नाही. पावसात आमच्या पडवीला माडाच्या झापांच्या झडी बांधलेल्या असतात, आभाळ भरलेलं असतं, आणि सूर्यही डोक्यावरून उत्तरेकडे कलून जातो. तेव्हा घरात उजेड सगळ्यात कमी असतो. हिवाळ्याकडे सूर्य दक्षिणेला झुकतो आणि त्याचं तिरपं ऊन पाखाडीखालून आत येतं. आमची पडवी दक्षिणेला तोंड करून आहे, म्हणून हे जमलं. पहिले दोनेक आठवडे झाड पडवीच्या कडेला होतं. तिथे सकाळचं कोवळं ऊन यायचं, दुपारचं यायचं नाही. मग ते ओटीवर खिडकीजवळ आलं आणि तिथेच राहिलं. पानं झडताना दिसली की माणूस झाड उचलून पुन्हा बाहेर नेतो, दोन दिवसांनी परत आत आणतो. हे करू नये. उजेडाकडून सावलीकडे, एकाच दिशेने, सावकाश न्यावं आणि एकदा बसवलं की हलवू नये.

कुंडी बदलायचीही घाई केली नाही. काळी पिशवी कापून काढली आणि मातीचा गोळा न फोडता जेमतेम दोन बोटं मोठ्या कुंडीत बसवला. आमच्याकडच्या रोपांच्या पिशवीत बहुधा लाल जांभ्याची माती असते. ती वाळली की विटेसारखी घट्ट होते आणि कडेने फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, बशीत साचतं आणि गोळा आत कोरडाच राहतो. असं झालं की कुंडी बादलीभर पाण्यात ठेवावी. बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी.

पण पाण्याने मरणारी झाडं बहुतेक तहानेने मरत नाहीत. पानं गळताना पाहून घरातला प्रत्येकजण येता-जाता तांब्याभर पाणी घालतो, तेव्हा ती मरतात. अर्धी पानं गेली आणि उजेडही घटला, की झाडाचं पिणं कितीतरी कमी होतं. मुळांभोवती पाणी साचून राहतं, हवा मिळत नाही, मुळं कुजतात. त्यानंतरची पानगळ वेगळी दिसते. शेंड्याची कोवळी पानं काळी पडून गळतात, खोडाची साल सुरकुतते, मातीला आंबट वास येतो. शंका आली तर फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर फांदी जिवंत आहे. मी पाणी वारावर ठरवत नाही, वजनावर ठरवते. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून बघावी, ते वजन हाताला लक्षात राहतं. ती स्पष्ट हलकी वाटली आणि मातीत दोन पेरं बोट घातलं तरी ओल लागली नाही, की मगच पाणी. खत नवी पानं येईपर्यंत अजिबात नाही.

परदेशी पुस्तकांतून आलेला एक सल्ला आपल्याकडे उगाच फिरतो, तो पानांवर पाणी फवारण्याचा. थंड देशांत हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी होते, तिथे त्याला अर्थ असेल. आपल्या किनाऱ्याच्या हवेत तो खटाटोप मला अनाठायी वाटतो. त्यापेक्षा घरात आंब्याची अढी कुठे आहे ते बघावं. पिकणारी फळं इथिलीन सोडतात, आणि फायकस त्याला फार हळवा आहे, विशेषतः काळोखात. युरोपात एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरच्या दिव्यांसाठी घातलेल्या गॅसच्या नळांना गळती लागली की आसपासची झाडं अवेळी निष्पर्ण व्हायची. त्या गॅसमध्ये झाडांवर परिणाम करणारं द्रव्य इथिलीन आहे, हे सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्यूबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवलं. मे महिन्यात बंद खोलीत गवतात आंबे रचले असतील तर झाड त्या खोलीत ठेवू नये. झाड मिटल्या गाडीत पिकत्या केळ्यांबरोबर आणणंही टाळावं.

माझं झाड निम्म्याहून जास्त झडलं. मग फांद्यांच्या टोकांना लांबट, मिटलेल्या कळ्यांतून नवी पानं उलगडली. ती आधीच्यांपेक्षा रुंद, पातळ आणि गडद होती, आणि खिडकीकडे आडवी पसरलेली होती. जुनं पान आणि नवं पान शेजारी धरलं तर एकाच झाडाची वाटणार नाहीत. ही पानं ओटीवरच्या उजेडात कमावतात, म्हणून टिकतात. आता पंधरवड्याने थोडं पातळ शेणखताचं पाणी घालायला हरकत नसते.

मात्र हीच पानं आता उन्हाला कच्ची असतात. वैशाखात लग्नकार्य निघालं आणि मांडवाच्या दाराशी ठेवायला कुणी झाड खळ्यात नेलं, तर एका दुपारीच पानांवर पांढुरके, मग तपकिरी डाग पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. न्यायचंच असेल तर मांडवाच्या आत, झापांच्या सावलीत ठेवावं आणि कार्य उरकलं की त्याच खिडकीशी, त्याच बाजूने तोंड करून परत ठेवावं.