एक किलो पोह्यांचा हिशेब

दिवाळीच्या चिवड्याचे प्रमाण घरातील जाणत्या बाईला विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते, "अंदाजाने घालायचे." तो अंदाज चाळीस-पन्नास वर्षांच्या सवयीतून आलेला असतो आणि क्वचितच चुकतो. अडचण एवढीच, की तो वारशाने देता येत नाही. माझ्या आईने सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत यवतमाळच्या आमच्या घरात दिवाळीचा चिवडा स्वतः केला. शेवटच्या दोन दिवाळ्यांत तिची नजर इतकी अधू झाली होती, की मिरची तळली गेली की नाही हे ती केवळ कानाने ओळखत असे. त्या दोन्ही वर्षी मी वजनकाटा घेऊन तिच्याजवळ बसलो. ती हाताने जे घेई ते आधी काट्यावर ठेवायचे, वहीत लिहायचे आणि मग कढईत टाकायचे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला एवढेच येत होते. ती गेल्यानंतरही घरात तोच चिवडा होतो, तो त्या दोन पानांच्या आधारावर.

हिशेब एक किलो पातळ पोह्यांचा आहे. पोहे चाळून झाल्यावर एक किलो भरले पाहिजेत, हे पहिले पथ्य. पिशवीच्या तळाशी साचलेली कणी आणि भुसा कढईत सर्वांत आधी करपतो, तेलही जास्त पितो, आणि मग सगळ्या चिवड्याला कडवट वास लागतो. चाळलेले पोहे दोन-तीन तास उन्हात ठेवावेत. आश्विनातले आपल्याकडचे ऊन त्याला पुरेसे असते. त्यानंतर पाव-पाव किलोचे चार घाणे करून, जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, तेलाशिवाय भाजावेत. आच मोठी झाली की पोहे आकसून वळतात आणि आतून मात्र चिवट राहतात. पोहा चिमटीत धरून दाबला असता त्याचा चुरा व्हावा, नुसते तुकडे पडले तर अजून वेळ आहे असे समजावे.

आईची परीक्षा चिमटीची, माझी काट्याची. एक किलो पोहे ऊन आणि भाजणी झाल्यावर साधारण 920 ग्रॅम भरतात. कमी झालेले 80 ग्रॅम म्हणजे पोह्यांतले पाणी. वजन 960 वर थांबले असेल, तर डोळ्यांना पोहे कितीही छान दिसोत, चिवडा चार दिवसांत मऊ पडणार.

आता तेल. पातळ पोहे भाजून केलेल्या चिवड्याला किलोमागे 200 ग्रॅम तेल पुरते. तेल मापाने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की एक लिटर तेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम असते, म्हणून 200 ग्रॅम तेल म्हणजे 220 मिलिलिटर. जाड पोहे तळून केलेल्या चिवड्याला हे प्रमाण लागू नाही. ते पोहे फुलतात आणि कितीतरी अधिक तेल धरून ठेवतात. तेल कोणते, यालाही अर्थ आहे. आपल्या जिल्ह्यात सरकीचे, जवसाचे, फल्लीचे आणि आता सोयाबीनचे अशी सर्व तेले घरोघर वापरली गेली. जवसाचे तेल फार लवकर खवट होते, म्हणून ते चिवड्याच्या कामाचे नाही. सोयाबीनपेक्षा फल्लीचे तेल अधिक काळ टिकते. आईने शेवटपर्यंत फल्लीचेच तेल वापरले.

याच 200 ग्रॅम तेलात सगळे जिन्नस एकामागून एक तळायचे आणि शेवटी त्याच तेलाची फोडणी करायची, म्हणजे मोजलेले तेल पूर्णपणे चिवड्यातच उतरते. आधी 250 ग्रॅम फल्लीदाणे, दोन-तीन हप्त्यांत. दाणा तेलातून काढल्यावरही आतल्या उष्णतेने शिजत राहतो, म्हणून साल तडकून दाणा फिकट बदामी होताच झाऱ्याने उपसावा. कढईतच तांबूस झालेला दाणा परातीत गेल्यावर कडू होतो. त्यानंतर 100 ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, त्यांना काही सेकंदच लागतात. मग 200 ग्रॅम फुटाण्याची डाळ नुसती परतून घ्यावी.

त्यानंतरची पायरी मिरची आणि गोडलिंबाची, आणि बहुतेक चिवडे इथेच बिघडतात. बारीक चिरलेल्या 60 ग्रॅम हिरव्या मिरच्या पूर्ण कुरकुरीत झाल्या, की जेमतेम 12 ग्रॅम उरतात, बाकी सगळे पाणी असते. हे पाणी कढईत उडाले नाही, तर डब्यात ते हळूहळू पोह्यांत शिरते. आई कानाने ओळखत असे ते हेच. मिरची तेलात पडताच जे बुडबुडे आणि चुरचुर सुरू होते, ती मिरचीतल्या पाण्याची वाफ असते. आवाज मंदावत जाऊन थांबला आणि बुडबुडे उठेनासे झाले, की पाणी संपले. रंग पाहून मिरची काढणारा फसतो, कारण पाणी संपण्यापूर्वीच तिचा रंग बदललेला असतो. धुऊन, फडक्यावर पूर्ण वाळवलेल्या 20 ग्रॅम गोडलिंबालाही हाच नियम लागू आहे. चातुर्मासात पाला वर्ज्य असलेल्या घरांत गोडलिंब गाळतात, तसेच सुकामेवा वर्ज्य असेल तिथे काजू-मनुकाही. त्याने चिवड्याचे काही अडत नाही.

आपल्याकडच्या इतर घरांत चिवड्यात तळलेला कांदा आणि लसूण घालतात. कांद्याने गोडवा येतो, लसणाने वास. आपल्या चिवड्यात ही दोन्ही कामे दुसऱ्या जिन्नसांना करावी लागतात. म्हणून फोडणीत मोहरी आणि जिरे प्रत्येकी 10 ग्रॅम, त्यांच्या पाठोपाठ 10 ग्रॅम बडीशेप, 15 ग्रॅम जाडसर कुटलेले धने आणि 2 ग्रॅम हिंग घ्यावा. धने तडतडले की आच बंद करावी आणि मगच 6 ग्रॅम हळद टाकावी. आचेवर असताना टाकलेली हळद काळवंडते आणि कडू होते. ही फोडणी भाजलेल्या पोह्यांवर चहूकडून ओतून दोन उलथन्यांनी हलक्या हाताने वर-खाली करावी. नंतर तळलेले जिन्नस त्यात मिसळावेत.

मिठाचे प्रमाण बहुतेक जण पोह्यांवरून ठरवतात. ते एकूण वजनावरून ठरवायला हवे, कारण खाणारा नुसते पोहे खात नाही. वर सांगितलेले सर्व जिन्नस, पाणी उडून गेल्यावर आणि तेल, मसाले, साखर धरून, साधारण 1800 ग्रॅम होतात. त्याला 28 ग्रॅम मीठ, म्हणजे शेकडा दीडच्या किंचित वर, बरोबर बसते. दाणे-डाळ वाढवली तर मीठही त्याच हिशेबाने वाढवावे. मीठ तेलात विरघळत नाही. जाडे मीठ घातले तर ते तळाशी जाते, आणि मग पहिली वाटी अळणी व शेवटची खारट लागते. म्हणून 28 ग्रॅम मीठ, 50 ग्रॅम साखर आणि 8 ग्रॅम आमचूर एकत्र बारीक दळावे आणि चिवडा कोमट झाल्यावर भुरभुरावे. त्या वेळी पोह्यांवर तेलाचा पातळ हात असतो, त्याला ही पूड धरून राहते. चिवडा गरम असताना साखर घातली तर उरल्यासुरल्या वाफेने ती चिकट होते आणि गोळे बनतात.

माझ्या थोरल्या बंधूंना रक्तदाब आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. पन्नास ग्रॅम चिवड्याच्या वाटीत आमच्या प्रमाणाने पाऊण ग्रॅमहून थोडे अधिक मीठ आणि साडेपाच ग्रॅम वरचे तेल जाते. बंधूंसाठी आम्ही वेगळा घाणा करतो, त्यात किलोला 20 ग्रॅम मीठ आणि आमचूर 12 ग्रॅम. आंबटपणा वाढला की मीठ कमी असल्याचे जिभेला फारसे जाणवत नाही. प्रमाण लिहिलेले नसते तर हा बदल मोजून करता आला नसता, आणि दिवाळीत त्यांच्यापुढे नुसता रिकामा हात करावा लागला असता.

दुकानासाठी पाच किलोचा चिवडा करायचा असेल तर सगळे वजन पाचपट घ्यावे, भाजणी मात्र पाव किलोचीच ठेवावी. मिसळणीही दोन किलोंपेक्षा मोठी करू नये. परातीत ढीग झाला की खालचे पोहे मोडतात आणि वरच्यांना फोडणी पोहोचत नाही.

चिवडा पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरावा, नाहीतर झाकणाला आतून वाफ धरते. इतके करूनही दोन तक्रारी संभवतात, आणि त्या एक समजू नयेत. चिवडा मऊ पडला तर त्यात बाहेरचे पाणी शिरले आहे. मंद आचेवर पाच-सात मिनिटे परतले की तो पूर्ववत होतो. चिवडा खवट झाला, जुन्या तेलाचा वास येऊन घशाशी खवखव झाली, तर तेलच बिघडले आहे. त्यावर उपाय नाही, तो टाकूनच द्यावा.

खवटपणा येण्याआधीच डबा रिकामा व्हावा, यासाठी किती करायचा याचाही हिशेब हवा. श्वेतांबर परंपरेत अशा पदार्थांची कालमर्यादा चातुर्मासात पंधरा, हिवाळ्यात तीस आणि उन्हाळ्यात वीस दिवसांची मानतात. आपापल्या परंपरेत याहून निराळा नियम असेल तर तो पाळावा. दिवाळी चातुर्मासात येते, म्हणजे पंधरा दिवस. वसुबारसेला, आश्विन वद्य द्वादशीला केलेला चिवडा कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत संपला पाहिजे. एक किलो पोह्यांच्या साधारण छत्तीस वाट्या होतात. घरात सहा माणसे आणि रोज दोन-तीन पाहुणे धरले, तर त्या चार दिवस पुरतात. त्यामुळे आम्ही वसुबारसेला दोन किलोंचा चिवडा करतो आणि भाऊबीज झाल्यावर डबा पाहून, लागलाच तर, आणखी एक किलोचा. आईही असेच दोन वेळा करीत असे. त्यामागचा हिशेब तिने कधी सांगितला नाही, तो मला वहीतले आकडे मांडल्यावर दिसला.