तीन पेले

आमच्या घरी ब्रँडी म्हणजे औषधाच्या कपाटातली बाटली. सर्दी झाली की आई चमचाभर पाजायची. त्यामुळे फ्रान्समध्ये एका वृद्ध यजमानांनी जेवणानंतर तीन इवले पेले पुढे मांडले, तेव्हा मी म्हणालो, "तिन्ही ब्रँडीच ना? मग एकच पुरे!"

"आधी वास घ्या," ते हसून म्हणाले.

पहिली कोन्याक. द्राक्षांची आंबटसर, हलकी वाइन दोनदा भट्टीत घालायची. सुमारे ९ लिटरांतून १ लिटर हाती येते. मग ओकच्या पिंपात निदान २ वर्षे मुरवायची. वास फुलांचा, व्हॅनिलाचा.

दुसरी मार. द्राक्षे पिळून उरलेल्या सालीबियांच्या चोथ्याची. चव रांगडी, मातकट. चोथा ताजा नसला, तर बुरसट वास थेट पेल्यात उतरतो.

तिसरी नॉर्मंडीची काल्व्हादोस. कडू, गोड, आंबट सफरचंदांचा रस एकत्र आंबवून काढलेली. नाकाशी नेताच भाजलेल्या सफरचंदाचा दरवळ!

"तुमच्या आईची बाटली यांतली कुठली?" त्यांनी विचारले.

मी निरुत्तर. तिचा वास मला कधी आलाच नव्हता. नाक तेव्हा चोंदलेले असायचे!