छेदातली चूक

शाळेत अपूर्णांक शिकवताना आमचे गुरुजी म्हणायचे, "अंशाकडे सगळे बघतात, छेदाकडे कोणी बघत नाही." क्लोनिंग करायला लागून मला बावीस वर्षं झाली, आणि प्लेटवरच्या कॉलन्या मोजताना हे वाक्य अजून आठवतं. कॉलन्यांची संख्या हा अंश. तो डोळ्यांना दिसतो, प्लेट उलटी धरून मार्करनं ठिपके देत मोजता येतो. त्या प्लेटवर नेमका किती डीएनए गेला, हा छेद. तो दिसत नाही, तो वहीत मांडावा लागतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडची पीएचडीची एक मुलगी सकाळी प्लेट्स घेऊन टेबलापाशी उभी राहिली. "मॅडम, तीनास एक घेतलं होतं, तरी चौदाच आल्या. पेशीच खराब आहेत. एफिशियन्सी फक्त सत्त्याऐंशी लाख आली."

तिचं काम साधं होतं. पीयूसी-१९ या प्लाझ्मिडमध्ये ७२० बेसजोड्यांचा एक तुकडा बसवायचा. पीयूसीमधलं 'यूसी' म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया; या प्लाझ्मिड-मालिकेचं सुरुवातीचं काम तिथलं. लांबी २,६८६ बेसजोड्या. दोन वेगवेगळ्या एन्झाइमांनी ते कापायचं, त्याच दोन एन्झाइमांनी तुकड्याची टोकं कापायची, लायगेजनं सांधायचं आणि डीएच-५-अल्फा पेशींत घालायचं. या पेशींच्या नावातलं 'डीएच' डग्लस हॅनाहान यांचं. जिवाणूंत प्लाझ्मिड कशानं जास्त शिरतं, याचा बारकाईनं अभ्यास त्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला.

आधी तीनास एकबद्दल, कारण बहुतेकांचा पहिला गोंधळ तिथेच होतो. हे प्रमाण वजनाचं नाही, संख्येचं आहे. लायगेजला वजन कळत नाही, त्याला टोकं कळतात. किलोभर नारळ आणि किलोभर सुपाऱ्या समोर ठेवल्या तर नारळ दोन-तीनच असतील आणि सुपाऱ्या मोजता मोजता कंटाळा येईल. व्हेक्टर हा नारळ, इन्सर्ट ही सुपारी. दोन्ही ५० नॅनोग्रॅम घेतले तर एकास एक होत नाही. २,६८६ ला ७२० नं भागलं की ३.७ येतात, म्हणजे एका व्हेक्टरमागे जवळजवळ पावणेचार इन्सर्ट पडतात. एकास एक हवं असेल तर ५० नॅनोग्रॅम व्हेक्टरला साधारण साडेतेरा नॅनोग्रॅम इन्सर्ट पुरतो, आणि तीनास एकसाठी चाळीस. मोल, फेम्टोमोल यांत शिरायची गरज नाही. लांबीचं गुणोत्तर काढा, त्याला हव्या त्या प्रमाणानं गुणा, व्हेक्टरच्या वजनानं गुणा. एवढंच गणित आहे.

तिनं ते बरोबर केलं होतं. चाळीस नॅनोग्रॅम, वहीत स्वच्छ अक्षरात. नळीवर '८०' लिहिलेलं होतं, म्हणून तिनं अर्धा मायक्रोलिटर घेतला. मी विचारलं, हे ८० कधी मोजलंस? पीसीआरनंतर कॉलममधून शुद्ध केल्यावर, ती म्हणाली. पण त्यानंतर तो तुकडा एन्झाइमांनी कापला गेला होता, जेलवर चढला होता, कापून पुन्हा कॉलममधून निघाला होता. दर टप्प्याला थोडा डीएनए मागे राहतो, आणि शेवटी तो जास्त पाण्यात उतरवला होता. नळी नवी, आकडा जुना. आम्ही त्यातला दोन मायक्रोलिटर जेलवर लॅडरशेजारी चालवला. लॅडरच्या कोणत्या पट्ट्यात किती नॅनोग्रॅम असतात ते त्याच्या कागदावर दिलेलं असतं. पट्ट्यांची उजळी जुळवून पाहिली तर नळीत मायक्रोलिटरला वीसच्या आसपास होतं. म्हणजे तिनं चाळीस नव्हे, दहा नॅनोग्रॅम घातले होते. कागदावर तीनास एक, नळीत पाऊणास एक.

इथं थांबून "सापडलं कारण!" म्हणायचा मोह होतो. मला तो मान्य नाही. पाऊणास एकलाही लायगेशन होतं. कॉलन्या कमी येतात, पण येतात. तीनास एक हा काही वेदमंत्र नव्हे. एकास एकपासून पाचास एकपर्यंत मी सगळं चाललेलं पाहिलं आहे. उलट इन्सर्ट फार ओतला तर व्हेक्टरच्या दोन्ही टोकांना दोन वेगळे तुकडे चिकटून बसतात आणि वर्तुळ मिटतच नाही. चुकलेलं प्रमाण हा तिचा एक दोष होता. खरा चोर दुसरीकडे होता, आणि तो बाकीच्या प्लेट्सवर दिसत होता. त्या प्लेट्स तिनं आणल्याच नव्हत्या, इन्क्युबेटरजवळच्या ट्रेमध्ये ठेवून आली होती.

त्या आणायला लावल्या. पहिली, पेशी तपासायची प्लेट. न कापलेलं पीयूसी-१९, मायक्रोलिटरला १० पिकोग्रॅम, त्यातला एक मायक्रोलिटर ५० मायक्रोलिटर पेशींत. उष्णतेचा झटका दिल्यावर माध्यम घालून एकूण एक मिलिलिटर केलं आणि त्यातले १०० मायक्रोलिटर पसरले. कॉलन्या ८७. तिनं ८७ ला १० पिकोग्रॅमनं भागून मायक्रोग्रॅममागे ८७ लाख काढले होते. पण मिलिलिटरातला दहावा भागच प्लेटवर गेला होता, म्हणजे डीएनएसुद्धा दहावा भाग, एकच पिकोग्रॅम. एका पिकोग्रॅममागे ८७, तर मायक्रोग्रॅममागे ८ कोटी ७० लाख. घरी बनवलेल्या कॅल्शियम क्लोराइडच्या पेशींसाठी हा आकडा उत्तम आहे. ज्या पेशींना ती खराब म्हणत होती, त्यांनी त्या महिन्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं होतं.

आता याच आकड्याच्या मापानं बाकीच्या प्लेट्स वाचायच्या. लायगेशन २० मायक्रोलिटरचं, त्यात ५० नॅनोग्रॅम व्हेक्टर. पेशींना त्यातले दोन मायक्रोलिटर दिले, म्हणजे पाच नॅनोग्रॅम. पुन्हा दहावा भाग पसरला, म्हणजे प्लेटवर अर्धा नॅनोग्रॅम, ५०० पिकोग्रॅम. हा सगळा व्हेक्टर अख्खा, न कापलेला असता तर प्लेटवर ४३,५०० कॉलन्या हव्या होत्या. कॉलन्या कसल्या, नुसता थर.

इन्सर्ट नाही आणि लायगेजही नाही, अशा प्लेटवर नऊ कॉलन्या होत्या. कापलेला, सरळ रेषेतला डीएनए पेशीत जवळजवळ टिकत नाही. तेव्हा या नऊ आल्या त्या कापायच्या राहून गेलेल्या प्लाझ्मिडमधून. नऊ कॉलन्यांना पिकोग्रॅमचा दहावा भाग पुरतो. ५०० पिकोग्रॅममध्ये ०.१, म्हणजे पाच हजारांत एक रेणू कात्रीतून सुटला. जेलवर हे कधीच दिसणार नाही. तिथं ती "पूर्ण कापलंय" असंच म्हणाली असती, आणि मीही. माझ्या मते हा पार्श्वभूमीचा आकडा ठीक होता.

इन्सर्टशिवाय पण लायगेजसह, अशा प्लेटवर अकरा. आणि इन्सर्ट, लायगेज दोन्ही असलेल्यावर त्या चौदा.

नऊ, अकरा, चौदा. तिला ही चढण वाटत होती. मला सपाट जमीन दिसत होती. कॉलन्या मोजताना संख्येच्या वर्गमुळाएवढी चलबिचल केवळ योगायोगानं होते. नवाच्या ठिकाणी सहा किंवा बारा येऊ शकतात, चौदाच्या ठिकाणी दहा किंवा अठरा. इतक्या लहान आकड्यांवर टक्केवारी काढणं म्हणजे दोन नाणी उडवून भविष्य सांगणं. म्हणून मोजायची प्लेट शक्यतो तीस ते तीनशे कॉलन्यांची असावी. अम्पिसिलिनच्या प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवती फिरणारी बारीक पिल्लं तर मोजूच नयेत. मोठीनं बाहेर सोडलेलं एन्झाइम आजूबाजूचं औषध खाऊन टाकतं, आणि त्या आडोशाला प्लाझ्मिड नसलेल्या पेशीही वाढतात.

तर मग लायगेजनं काहीच केलं नव्हतं का? दोन वेगळ्या एन्झाइमांनी कापलेल्या व्हेक्टरची टोकं आपसात जुळत नाहीत, त्यामुळे अकराच्या प्लेटवरून लायगेजबद्दल काही कळत नाही. ते तपासायचं तर व्हेक्टर एकाच एन्झाइमनं कापायचा आणि लायगेजसह व लायगेजशिवाय दोन प्लेट्स करायच्या. टोकं एकमेकांची जुळीच असतात, तेव्हा लायगेज जिवंत असेल तर कॉलन्या पटीत वाढतात. त्या दोन प्लेट्स केल्या. एकीवर सात, दुसरीवर आठ.

दोष लायगेजचा नव्हता, त्याच्या बफरचा होता. त्यात एटीपी असतं, आणि सांधा घालायला लायगेजला तेच लागतं. बफरची नळी दर वेळी वितळवून पुन्हा गोठवली की एटीपी हळूहळू संपतं. आमची नळी किती जणांच्या हातून गेली असेल, देव जाणे. (ताज्या बफरला डीटीटीचा उग्र, सडक्या अंड्यासारखा वास येतो. या नळीला कसलाच वास नव्हता. नाकाला प्रयोगशाळेत मान नाही, पण त्या दिवशी तेच आधी वापरलं असतं तर तीन दिवस वाचले असते.) नवीन बफर मागवलं आणि आल्या आल्या वीस-वीस मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात तिनं सगळं पुन्हा लावलं. इन्सर्ट पुन्हा मोजलेला, दोन मायक्रोलिटर, खरे चाळीस नॅनोग्रॅम. या वेळी प्लेट्सना एक्स-गॅलही लावलं. रिकामं प्लाझ्मिड निळी कॉलनी देतं, तुकडा बसलेलं पांढरी. लायगेज नसलेल्या प्लेटवर दहा, सगळ्या निळ्या. इन्सर्ट आणि लायगेज असलेल्यावर २१२. त्यातल्या बारा निळ्या, दोनशे पांढऱ्या. निळ्यांचा आकडा पार्श्वभूमीशी जुळतो, आणि ही जुळणी मला दोनशेपेक्षा जास्त समाधान देते.

तिनं लगेच हिशेब केला. २१२ भागिले अर्धा नॅनोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅममागे ४ लाख २४ हजार. "मॅडम, हे ८ कोटी ७० लाखांच्या दोनशेव्या भागाएवढंच!" पेशी तपासायची प्लेट त्या दिवशीही पूर्वीसारखीच आली होती, तेव्हा पेशींवर आळ घेता येत नव्हता. पण हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीतच. पहिल्याच्या छेदात जिवाणूनं स्वतः बनवलेलं, पीळ घातलेलं, शिरायला सोपं प्लाझ्मिड आहे. दुसऱ्याच्या छेदात नळीतला सगळा व्हेक्टर आहे. त्यातला थोडाच वर्तुळात मिटला, आणि मिटलेल्यालाही तो पीळ नाही. पहिला आकडा पेशींचा, दुसरा पेशी आणि सांधा दोन्हींचा. म्हणून वहीत दुसऱ्याला एफिशियन्सी म्हणू नकोस, नुसतं 'कॉलन्या प्रति नॅनोग्रॅम व्हेक्टर' लिही, असं तिला सांगितलं. तिनं तक्त्यात 'प्लेटवर गेलेला डीएनए' असा नवा रकाना पाडला, तोही कॉलन्यांच्या रकान्याच्या आधी.

दोनशे पांढऱ्यांतल्या आठ उचलल्या, रात्रभर वाढवल्या, प्लाझ्मिड काढून पुन्हा त्याच दोन एन्झाइमांनी कापलं. सात नळ्यांत ७२० चा पट्टा होता. आठव्या नळीत नव्हता, आणि त्याचं कारण आम्ही शोधलं नाही.