सर्वेचे पैसे आणि घड्याळाचा काटा



गेल्या महिन्याभरात तिघीचौघींनी मला एकच प्रश्न विचारला. "मोबाईलवर सर्वे भरून पैसे मिळतात म्हणे, खरं का?" खरं आहे, मिळतात. पण "किती मिळतात" याचं उत्तर त्या साइटवर लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच वहीत मांडावं लागतं. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी पंधरा दिवस ते मांडलं, आणि त्यांच्याच परवानगीने तो हिशोब आज इथे देते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जाऊबाई घरी बसून साडीला फॉल लावतात. गल्लीतला दुकानदार साड्या आणि फॉलची पट्टी पाठवतो, एका साडीचे 45 रुपये देतो. फॉल भिजवून वाळवणं, इस्त्री, हातशिलाई आणि साडी पोचवणं धरून एका साडीला पाऊण तास जातो. म्हणजे तासाला 60 रुपये, दोरा वजा जाता 55 च्या खाली नाही. पण मान आणि डोळे भरून येतात. म्हणून त्या म्हणाल्या, "अक्का, दुकानाला नाही म्हणून सांगू का? हे सर्वेचं काम बसल्या जागी आहे आणि तासाला 120 रुपये पडतात." लेकीच्या क्लासची फी याच पैशातून जाते, त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. मी म्हटलं, दुकान सोडायच्या आधी पंधरा दिवस दोन्ही कर, आणि सर्वेचं प्रत्येक मिनिट लिही.

120 रुपये हा आकडा कुठून आला ते सांगते. साइटवर लिहिलं होतं, "15 मिनिटं, 60 पॉइंट". एक पॉइंट म्हणजे 50 पैसे, म्हणून 15 मिनिटांचे 30 रुपये आणि तासाचे 120. हिशोब बरोबर आहे, पण फक्त पूर्ण झालेल्या सर्वेचा. सर्वे पूर्ण होणं हीच तर खरी अडचण असते.

पंधरा दिवसांत जाऊबाईंनी 31 सर्वे उघडले. त्यातले 9 पूर्ण झाले. चार तर उघडताक्षणीच "कोटा पूर्ण" म्हणून बंद झाले. तेरा सर्वेंनी चारेक मिनिटं प्रश्न विचारून "आपण पात्र नाही" असं सांगितलं. आणि पाच सर्वेंनी बारा-बारा मिनिटं माहिती घेऊन मग बाहेर काढलं. या बावीस सर्वेंचा एक पैसाही मिळाला नाही.

आता मिनिटं मोजू. पूर्ण झालेल्या नऊ सर्वेंना, 15 मिनिटं लिहिलेली असूनही, सरासरी 19 मिनिटं लागली. ती झाली 171. अर्धवट सुटलेल्यांत 52, 60 आणि 4 मिनिटं गेली. शिवाय रोज मेल बघणं, लॉगिन करणं, कुठला सर्वे नवा आहे ते शोधणं यात सहा मिनिटं, म्हणजे चौदा दिवसांची 84. एकूण 371 मिनिटं, सहा तासांहून थोडं जास्त.

मिळकत? सगळेच सर्वे 30 रुपयांचे नव्हते. नऊ मिळून 198 रुपये जमा झाले. चार दिवसांनी त्यातल्या एका सर्वेचे 24 रुपये "उत्तरांचा दर्जा योग्य नाही" म्हणून परत कापून घेतले. राहिले 174. सहा तास अकरा मिनिटांना भागलं तर तासाला 28 रुपये.

120 चे 28 झाले. आणि तेही हातात नाहीत. 500 रुपये जमल्याशिवाय काढता येत नाहीत, आणि काढले तरी ते एका दुकानाचं व्हाउचर म्हणून मिळतात. या गतीने 500 व्हायला जवळजवळ सहा आठवडे. क्लासवाले व्हाउचर घेत नाहीत.

जाऊबाईंनी विचारलं, "मग जास्त वेळ बसले तर?" इथेच या कामाची दुसरी मर्यादा आहे. फॉलच्या दोन साड्या जास्त केल्या तर 90 रुपये जास्त मिळतात. सर्वेचं तसं नसतं. आपल्या वयाच्या, आपल्या गावच्या बाईसाठी दिवसाला दोन-तीनच सर्वे येतात. त्यापलीकडे बसलं की फक्त पात्र नसलेलेच उरतात, आणि तासाचा भाव आणखी खाली येतो.

लोकांना बाहेर का काढतात हेही समजून घ्या, म्हणजे मनाला लागणार नाही. कंपनीला, समजा, 25 ते 34 वयाच्या, गेल्या तीन महिन्यांत शॅम्पू घेतलेल्या ठरावीक बायकांची मतं हवी असतात. तेवढ्या भरल्या की दार बंद. सुरुवातीचे प्रश्न हे गाळणीसारखे असतात, आणि गाळणीतल्या वेळाचे पैसे बहुतेक ठिकाणी कोणी देत नाही. वय, पिनकोड, शिक्षण हे प्रश्न प्रत्येक सर्वेत पुन्हा पुन्हा विचारले जात असतील, तर समजावं की आपली साइट आपल्याला एका कंपनीकडून दुसरीकडे ढकलते आहे आणि प्रत्येक ठिकाणी नवी गाळणी आहे. अशा साइटवर वेळ सर्वात जास्त वाया जातो.

आपल्या घरांची तर आणखी एक गंमत आहे. अंडी घेता का? नाही. चिकन? नाही. बिअर, वाइन? नाही. सिगारेट? नाही. घरात कोणी? नाही. झालं, अर्धे सर्वे तिथेच संपतात! "हो" म्हटलं की पुढे जाता येतं, हे काही बायका एकमेकींना सांगतातही. पण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा येतो, आधीच्या माहितीशी ताडून पाहिला जातो, आणि विसंगती सापडली की जमलेल्या पॉइंटसकट खातं बंद होतं. सत्याचं अणुव्रत पाळणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायला नको. 22 रुपयांसाठी खोटं बोलायचं नाही.

आता दुसरा प्रकार, छोट्या कामांचा. फोटोत काय आहे ते लिहा, पावतीवरची रक्कम टाइप करा, आवाज ऐकून मजकूर लिहा, अशी दोन-दोन मिनिटांची कामं. यातली सर्वात जुनी आणि माहितीची साइट म्हणजे ॲमेझॉनची मेकॅनिकल टर्क, 2005 पासूनची. तिथे काम करणाऱ्यांत अमेरिकेनंतर भारतीयांचा क्रमांक लागतो. 2018 मध्ये संशोधकांनी तिथल्या अडीच हजारांहून जास्त लोकांची कामं तपासली. मधल्या माणसाची कमाई तासाला जेमतेम दोन डॉलर निघाली, आणि अमेरिकेतलं किमान वेतन, सव्वासात डॉलर, त्याहून जास्त कमावणारे फक्त चार टक्के. कारणं वाचून मला जाऊबाईंची वहीच आठवली. काम शोधण्यात गेलेला वेळ, अर्धवट सोडलेली कामं, आणि करून दिल्यावर नाकारलेली कामं, या सगळ्याचं मोल शून्य. चांगले पैसे देणारे लोकही आहेत, पण कमी देणारेच कितीतरी जास्त कामं टाकतात.

दोन डॉलर ऐकायला 28 रुपयांपेक्षा चांगले वाटतात. पण बरीच बऱ्या पैशांची कामं फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांना दिसतात, आणि खातं उघडायचा अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. काम मिळालं तर एक लक्षात ठेवा. नाकारलेल्या कामाचे पैसे तर जातातच, शिवाय आपली मंजुरीची टक्केवारी घसरते. बरेच काम देणारे 95 टक्क्यांच्या वरच्यांनाच घेतात. म्हणून नवख्या बाईने घाईने शंभर कामं करण्यापेक्षा एकाच माणसाची पाच करून ती मंजूर होतात का ते आधी बघावं.

मग कुठे वेळ द्यावा? मला दोन ठिकाणं बरी वाटतात. पहिलं प्रोलिफिक. विद्यापीठांतले संशोधक तिथे प्रश्नावल्या देतात आणि तासाला किमान सहा पौंड द्यावेच लागतात, असा त्यांचा नियम आहे. आपली माहिती आधीच भरलेली असल्यामुळे गाळणीत वेळ फारसा जात नाही. मात्र त्यांचे सहभागी मुख्यतः ओईसीडी देशांतले असतात आणि भारत त्यात नाही. तुमची लेक-सून लंडनला किंवा मेलबर्नला असेल तर तिला जरूर सांगा.

दुसरं आपल्याजवळचं. बेंगळुरूची कार्य नावाची संस्था आहे. मोबाईलवर दिसणारी वाक्यं आपल्या भाषेत मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची, असं त्यांचं काम असतं, आणि त्या तासाला पाच डॉलरच्या आसपास देतात. या कामाच्या सुरुवातीच्या एका प्रयोगात मराठीच घेतली होती. 2020 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात साध्या, कमी उत्पन्नाच्या लोकांकडून 109 तासांचं मराठी वाचन गोळा झालं होतं. पण हे काम कायमचं नसतं. प्रकल्प असेल तेव्हाच, आणि बहुतेकदा स्थानिक संस्थांमार्फत माणसं निवडली जातात. तुमच्या बचत गटाकडे असं काही आलं तर मात्र पहिलं नाव द्या.

आणि एक प्रकार दारातच उभा करायचा नाही. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर "व्हिडिओ लाइक करा, 50 रुपये घ्या" असा निरोप येतो. पहिल्या दिवशी शे-दीडशे खरंच येतात. मग "मोठ्या टास्कसाठी" आपणच आधी हजार भरायचे, मग पाच हजार, आणि ते परत येत नाहीत. खरं काम देणारा आपल्याकडून पैसे मागत नाही. कोणी भरले असतील तर लाजत बसू नका. लगेच 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

जाऊबाईंनी दुकान सोडलं नाही. उलट वही घेऊन दुकानदाराकडे गेल्या आणि साडीमागे पाच रुपये वाढवून मागितले. तीन रुपये मिळाले. सर्वे पूर्ण बंद केले नाहीत. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, क्लासबाहेर लेकीची वाट बघताना, जो वेळ नाहीतरी जाणारच असतो, तेवढ्यात भरतात. घराचा पैसा मात्र त्यावर धरत नाहीत.

तुम्हाला करून बघायचं असेल तर वहीत चार रकाने आखा. कधी उघडलं, कधी बंद केलं, पूर्ण झालं की नाही, आणि किती रुपये खरोखर हातात आले. पंधरा दिवसांनी शेवटच्या रकान्याची बेरीज घ्या आणि सगळ्या तासांनी भागा. तुमचा भाव तोच.