बंद डब्यातली सरासरी

वणी तालुक्यातील राजूर हे चुनाभट्ट्यांचे आणि कोळशाच्या खाणीचे गाव. येथील नववीच्या एका वर्गात भट्टीवरील मजुरांची मुले, खाणीतील कामगारांची मुले आणि बाजारपेठेतील दुकानदारांची मुले एकाच बाकावर बसतात. त्या वर्षी वर्गात एकवीस विद्यार्थी होते. गणिताच्या शिक्षकांनी सांख्यिकीचे प्रकरण उघडले, तेव्हा पुस्तकातील उदाहरणे बाजूला ठेवून त्यांनी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली. महिन्याला तुमच्या हाती स्वतःचे असे किती रुपये येतात ते लिहा, नाव लिहू नका, एवढेच त्यांनी सांगितले.

चिठ्ठ्या फळ्यावर चढत्या क्रमाने मांडल्या गेल्या. पाच चिठ्ठ्यांवर शून्य होते. मग 20, 20, 30, 30, 40, 50, 50, 50, 60, 100, 100, 150, 200, 200, 250 आणि शेवटी एकटाच 1800. बेरीज 3150 भरली. एकविसाने भागल्यावर मध्य, म्हणजे नेहमीच्या बोलीतील सरासरी, बरोबर 150 रुपये आली. मुले खूश झाली, कारण भागाकार निःशेष गेला होता.

सरांनी विचारले, "तुमच्यापैकी किती जणांच्या हाती दीडशे किंवा त्याहून अधिक येतात?" फळ्यावर मोजले तर पाच. सोळा जण सरासरीच्या खाली होते. सरासरी म्हणजे साधारण मुलगा, अशी समजूत घेऊन बसलेल्या वर्गाला हे चमत्कारिक वाटले. मग सरांनी 1800 ही संख्या हाताने झाकली आणि उरलेल्या वीस संख्यांची सरासरी काढायला सांगितली. ती साडेसदुसष्ट आली. एका चिठ्ठीने सगळ्या वर्गाला दुपटीहून अधिक श्रीमंत केले होते.

मध्यक काढणे सोपे होते. क्रमाने मांडलेल्या एकवीस संख्यांत अकरावी मधली, आणि ती 50 होती. 1800 झाकल्यावर मधल्या दोन संख्या 40 आणि 50, म्हणून मध्यक 45. टोकाची चिठ्ठी असो वा नसो, मध्यक फारसा हलला नाही. अठराशेच्या जागी अठरा हजार लिहिले असते, तरी तो पन्नासच राहिला असता, कारण मध्यक केवळ रांगेतील स्थान पाहतो, शेवटचा माणूस किती लांब उभा आहे हे पाहत नाही. वर्गाने लगेच निकाल दिला की मध्यक खरा आणि सरासरी खोटी. सरांनी तो निकाल त्या दिवशी खोडला नाही. नववीच्या मुलांना एक दिवस चुकीच्या निष्कर्षावर राहू द्यावे, असे त्यांचे मत असावे. आणि ते अनुभवाचे मत आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी 1800 ची चौकशी केली. ती चिठ्ठी कोणाची हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी प्रश्नच नव्याने मांडला: "काल लिहिलेल्या रकमेत कोणी बसभाडे, शिकवणीची फी, मोबाइलचे रिचार्ज असे काही धरले होते का?" काही वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आले. तो मुलगा रोज वणीला शिकवणीस जात होता. बसभाडे आणि रिचार्ज मिळून घरून जे मिळे, ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते. संख्या चूक नव्हती, प्रश्न ढिला होता. फार वेगळी दिसणारी संख्या खोडून टाकण्यापूर्वी ती कोठून आली हे विचारावे लागते. दुकानाच्या रोजमेळीत एखाद्या दिवशी अवाच्या सवा विक्री दिसली, तर जुना मुनीम ती रक्कम कापत नाही, पावती शोधतो, तसेच हे.

याहून मोठा उलगडा शून्याचा झाला. सर्वाधिक वेळा आलेली संख्या म्हणजे बहुलक, आणि येथे ती शून्य होती. कोणी वर्गावर अहवाल लिहिता, तर या वर्गातील मुलांच्या हाती बहुधा एकही पैसा नसतो, असे लिहून मोकळा झाला असता. पण पहिल्या बाकावरील किराणा दुकानदाराची मुलगी म्हणाली, "सर, मीही शून्य लिहिले. मला पैसे लागतच नाहीत. जे हवे ते दुकानातून घेते, बाबा वहीत मांडून ठेवतात." तिच्यासारखीच आणखी एक चिठ्ठी निघाली. उरलेल्या तिघांनी काही सांगितले नाही, आणि सरांनी विचारलेही नाही. ज्याच्या घरी गल्ला आहे त्याचे शून्य आणि ज्याच्या घरी भट्टीची हजेरी भरली तरच चूल पेटते त्याचे शून्य, ही दोन्ही बहुलकाने एकाच खणात टाकली होती.

बहुलकाची चांगली बाजू दाखवण्यासाठी तयार कपड्यांच्या दुकानातील एका मुलाने मागच्या जूनची मापांची वही आणली. याच वर्गाच्या गणवेशाची छातीची मापे तीत होती: 30 इंचाचे तीन, 32 चे पाच, 34 चे तीन, 36 चे चार, 38 चे चार आणि 40 चे दोन. मध्य 34.67 आला. या मापाचा शर्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. मध्यक 34 आला. ते माप मिळते खरे, पण वर्गात ते अवघ्या तिघांचे. माल भरणाऱ्याला बहुलकच उपयोगाचा, म्हणजे 32. मुलाचा चेहरा खुलला, कारण त्याचे वडील नेमके असेच करतात. तेव्हा सरांनी मुलींची आणि मुलांची मापे वेगळी करायला लावली. 32 ची पाचही मापे मुलींची निघाली. मुलांत 36 आणि 38 प्रत्येकी चार होती, आणि 32 चे एकही नव्हते. केवळ 32 पाहून ज्याने शर्टांचे गठ्ठे मागवले असते, त्याच्याकडे मुलांसाठी घालायला काही उरले नसते. दोन वेगळे समूह एका यादीत मिसळले की तिन्ही मापे फसवतात. बहुलक फक्त अधिक ठामपणे फसवतो.

हे सगळे वर्गातच राहिले असते. पण त्याच आठवड्यात सहलीचा विषय निघाला. भद्रावतीचे केशरिया पार्श्वनाथांचे मंदिर आणि विजासनची लेणी पाहण्याचे ठरत होते. बसचे भाडे गावातील एका व्यापारी कुटुंबाने देऊ केले होते. जेवणाचा आणि किरकोळ खर्च मुलांनी करायचा होता. त्या घरातील वडीलधारे शेठजी शाळेत आले, तेव्हा फळ्यावरचे दीडशे त्यांच्या कानी पडलेलेच होते. ते म्हणाले, "सर, मुलांची सरासरी दीडशे आहे ना? मग दीडशे वर्गणी ठेवा. कोणाला जड जाणार नाही." बोलण्यात कंजुषी नव्हती, हिशेबाचा विश्वास होता.

सरांनी तोच प्रश्न वर्गाला दिला. दीडशे वर्गणी ठेवली, तर स्वतःच्या पैशातून ती पाच जणांना देता येते. मध्यकाचे कैवारी पुढे सरसावले: पन्नास ठेवा. पण पन्नास किंवा अधिक हाती असणारे अकरा होते. दहा जण तरीही बाहेर राहत होते. मध्यक म्हणजे मधला, आणि मधल्याच्या खाली जवळजवळ अर्धे असतात, हे त्याच्या व्याख्येतच आहे. वर्गणी ठरवताना मधला कोण हे विचारायचेच नसते. अमुक रकमेला किती जण मागे राहतात, हे मोजायचे असते. त्यासाठी तिन्हींपैकी एकही माप कामाचे नाही. फळ्यावरची पूर्ण रांगच पाहावी लागते.

तरीही खर्च भागला पाहिजे, ही शेठजींची अडचण खरी होती. येथे सरांनी सरासरीची बाजू घेतली. एकूण रकमेशी नाते सांगणारे माप तेवढे एकच आहे. सरासरीला संख्येने गुणले की बेरीज परत मिळते. मध्यकाला गुणून काही मिळत नाही. पन्नासला एकविसाने गुणले तर 1050 येतात, आणि फळ्यावरची बेरीज तर 3150 होती.

या गुणाची ओळख आपल्या परंपरेला फार जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र वितळवल्यावर कस किती येईल, याची गणिते आहेत. रीत अशी की प्रत्येक तुकड्याचे वजन त्याच्या कसाने गुणावे, सर्वांची बेरीज करावी आणि एकूण वजनाने भागावे. 22 कॅरटचे 10 ग्रॅम आणि 18 कॅरटचे 30 ग्रॅम वितळवले, तर कस मधोमध 20 येत नाही. 220 आणि 540 मिळून 760, त्याला 40 ने भागून 19 येतो. वितळताना शुद्ध सोन्याचा एक कणही हरवत नाही, आणि सरासरी बेरीज जपते ती याच अर्थाने. मात्र वितळल्यावर कोणता तुकडा कोणाचा, हे सोनारालाही सांगता येत नाही.

शेठजींनी हे ऐकून घेतले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी घरून पत्र्याचा एक जुना डबा मागवला. झाकणाला खाच पाडली आणि डबा ग्रंथालयाच्या खोलीत ठेवायला सांगितला. घरून जे मिळेल ते एकेकाने आत जाऊन टाकावे. ज्याला नाही टाकायचे त्याने नुसते आत जाऊन यावे. कमी पडेल ते दुकानातून येईल, आणि किती कमी पडले हे कोणाला सांगायचे नाही.

शनिवारी डबा वर्गासमोर फोडला. नाणी-नोटा मोजल्या, 1470 रुपये निघाले. सरांच्या सांगण्याची वाट न पाहता मुलांनी भागाकार केला: सत्तर. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, आता मध्यक किती?"

सरांनी खडू त्याच्याच हाती दिला. तो फळ्यापाशी गेला, 1470 लिहिले, खाली 21 लिहिले आणि बराच वेळ उभा राहिला. मग खडू परत ठेवून म्हणाला, "तो काढता येणार नाही सर. कोणाचे किती, हे डब्यात लिहिलेलेच नाही."