मंग तिनं केलं काय?

आमच्या टीममधल्या एका टेस्टरने मागच्या महिन्यात लिंक्डइनवर माझ्याकडे शिफारस मागितली. ती पुण्यात असते आणि नोकरी बदलायच्या तयारीत आहे. मी घरून, म्हणजे पुसेगावहून काम करतो. (पुसेगाव म्हटलं की सगळ्यांना साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांचं आठवतं. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं.)

लिंक्डइन आधी दोन गोष्टी विचारतं: तुमचं कामातलं नातं काय, आणि तेव्हा तुम्ही कोणत्या पदावर होता. मग तीन हजार अक्षरांची मोकळी चौकट येते. चौकट मोकळी दिसली की माणूस पाठ केलेलं लिहितो. माझ्या बोटांतून आलं ते असं: ‘शी इज हार्डवर्किंग, डिटेल ओरिएंटेड अँड अ ग्रेट टीम प्लेयर.’ यात चूक काहीच नव्हती. फक्त नाव बदललं असतं तर हेच वाक्य आमच्या मजल्यावरच्या चाळीस जणांना चाललं असतं.

म्हणून तेच मराठीत लिहून आईला वाचून दाखवलं. ती सोयाबीन निवडत होती. ऐकून म्हणाली, “मंग तिनं केलं काय?”

केलं ते सांगतो. आम्ही शेतकऱ्यांना बाजारभाव एसएमएसने कळवणारी एक सिस्टीम बनवत होतो. सगळ्या चाचण्या इंग्रजी मजकुरावर झाल्या होत्या. तो मजकूर १४२ अक्षरांचा होता, आणि इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. मराठी मजकूर त्याहून छोटा, ११८ अक्षरांचा. सगळे निर्धास्त होते. तिने मात्र तो खऱ्या फोनवर पाठवून पाहिला आणि गेटवेचा अहवाल उघडला. तिथे एका निरोपाचे दोन एसएमएस लागलेले.

कारण असं, की मजकुरात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी अख्खा एसएमएस युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. त्याहून लांब निरोपाचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती जात असल्यामुळे त्यात ६७ च अक्षरं उरतात. शिवाय मोजणी डोळ्याला दिसते तशी नसते. ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरांचा शब्द वाटतो, पण क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असे सात घटक मोजले जातात. फोन तुकडे जोडून एकच निरोप दाखवतो, त्यामुळे नुसतं स्क्रीनकडे बघून काहीच कळत नाही. बिल मात्र दुप्पट होतं.

तिने बग लिहून विषय संपवला नाही. जोडाक्षरं कमी असलेले शब्द शोधत, ‘क्षेत्र’ सारखे काढून टाकत, मजकूर ६६ वर आणला. हे वेळेत होणं गरजेचं होतं, कारण असा मजकूर टेलिकॉम कंपनीकडे आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो आणि बदलला की पुन्हा मंजुरी लागते.

एवढं मराठीत लिहिल्यावर इंग्रजी आपोआप सुचलं. ‘डिटेल ओरिएंटेड’ गेलं. त्याच्या जागी ‘सर्वांनी इंग्रजीवर तपासलं, तिने मराठीवर तपासलं’ या अर्थाचं साधं वाक्य आलं. ग्राहकाचं नाव आणि बिलाचा आकडा दोन्ही भाषांत गाळला, तो कंपनीचा मामला.

अडलं ते मराठीत. इंग्रजीत ‘शी’ म्हटलं की झालं. इथे ‘तिने’ की ‘त्यांनी’? कॉलवर आम्ही अरे-तुरे करतो, पण नोकरी देणाऱ्यासमोर ‘तिने’ म्हणजे मी तिचा साहेब असल्यासारखं वाटतं. आणि मी तर नातं ‘एकाच टीममध्ये’ असं निवडलं होतं. ‘त्यांनी’ केलं. इंग्रजी वर ठेवलं, मराठी खाली, कारण प्रोफाइलवर आधी सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात आणि भरती करणारी माणसं तेवढ्याच वाचतात.

पाठवलेली शिफारस थेट प्रोफाइलवर जात नाही. जिच्यासाठी लिहिली ती आधी वाचते, मान्य करते किंवा बदल मागते. तिने बदल मागितला. मी लिहिलं होतं, ‘त्या मजकुरातल्या खोड्या काढतात.’ तिचं उत्तर आलं: “आमच्याकडे खोड्या काढणं म्हणजे मुद्दाम भांडण उकरणं. एचआरला वाटेल ही ऑफिसात तेच करते. आणि ‘त्यांनी’ काय? मी काय मावशी आहे का तुझी?”

खोड्यांच्या जागी ‘चुका शोधतात’ केलं. ‘त्यांनी’ मात्र तसंच ठेवलं.