आपल्यातला मास्तर असला म्हणजे झालं का?

आपल्या समाजातला शिक्षक असला की आपल्या पोरांवर अन्याय होत नाही, असं आम्ही राजुऱ्यात नेहमी ऐकतो. हे गृहीतक तपासलं पाहिजे.

रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा भारतातला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर नाव, वय, जात ही माहिती नशिबावर सोडून लावली गेली. त्यामुळे तीच उत्तरं एका शिक्षकाकडे वरच्या जातीच्या मुलाची म्हणून गेली, दुसऱ्याकडे खालच्या. जात खालची दिसली तिथे गुण थोडे कमी पडले. आणि हा फरक मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतल्याच तपासनिसांकडून आला! श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितलंच आहे. ती आपल्याही नजरेत घर करते.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली. गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांना हा फटका जास्त बसला. किती उत्तराला किती गुण, हे मनात पक्कं झालेलं नसतं तेव्हा तपासणारा जातीचा आधार घेतो.

वर्गात हेच न बोलता चालतं. आमच्या भागातलं कोलाम किंवा गोंड पोर घरी कोलामी, गोंडी बोलतं. मराठीत प्रश्न आला की उत्तर जुळवायला त्याला क्षणभर लागतो. शिक्षक सेकंदभर थांबतो आणि शेजारच्याला उठवतो. त्या गप्प बसण्याचा अर्थ 'याला येत नाही' असा लागतो. मग प्रश्न कमी येतात, सराव कमी होतो, आणि काही महिन्यांनी त्याला खरंच येत नाही. शिक्षक म्हणतो, 'बघा, मी म्हणत होतोच!' भाकीत खरं ठरत नाही, ते खरं केलं जातं.

म्हणून शिकवणाऱ्या आपल्या साथींना आमचं सांगणं आहे. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक टाका. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासा, मग गठ्ठा उलटसुलट करून दुसरा. शेवटी सुरुवातीचे पाच-सहा पेपर पुन्हा बघा. अक्षर ओळखू येत असेल तर क्रमांकाचा उपयोग नाही. तेव्हा दुसऱ्या शिक्षकाशी गठ्ठे बदला.

वर्गासाठी बाकांचा नकाशा काढून सहकाऱ्याला मागे बसवा. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी रेघ, तीन सेकंद थांबलात तर गोल, चुकल्यावर सूचक प्रश्न विचारून पुन्हा संधी दिली तर फुली. एका दिवसावरून काही ठरत नाही, आठवडाभर नोंदवा. मग कोणत्या बाकांवर नुसत्या रेघा आहेत, कोणते कोरे आहेत, आणि तिथे कोण बसतं ते पाहा.

हा कागद साहेबाला दाखवण्यासाठी नाही. 'मी जात मानत नाही' हे आपण तोंडाने म्हणतो. वर्गात ते खरं आहे का, ते या नकाशावर दिसतं.